नववा ठिपका

मंगळवारी सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटांनी नौशीनच्या फोनवर एक स्क्रीनशॉट आला, तेव्हा ती सिडकोतल्या ऑफिसात दुसऱ्याच कामात होती. एका दवाखान्याच्या वेबसाइटवर अपॉइंटमेंटचा फॉर्म बसत नव्हता. स्क्रीनशॉट पाठवला होता सत्यमने, म्हणजे तिच्या मालकाने. खाली एक ओळ होती: "बघ ही बाई. बस आलीच नाही म्हणते. जीपीएस तर आली म्हणतो."

ऑफिस म्हणजे दोन खोल्यांचा फ्लॅट. बाहेरच्या खोलीत चार टेबलं, आतल्या खोलीत सत्यम. सिंकवर अजून कुठल्या तरी जुन्या भाडेकरूने चिकटवलेलं गणपतीचं स्टिकर. नौशीन इथे सहा वर्षं काम करत होती. वेबसाइटचं जे माणसाला डोळ्याने दिसतं ते सगळं तिच्याकडे असे: अक्षरं, रंग, बटणं, कोणती गोष्ट कुठे बसेल ते.

स्क्रीनशॉट तिच्याच कामाचा होता. वाळूजच्या एका कारखान्याला मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराने कामगारांच्या बससाठी ॲप करून घेतलं होतं. ॲप कसलं, एकच पान. डाव्या बाजूला वरून खाली जाणारी उभी रेघ, रेघेवर बारा ठिपके, उजवीकडे बारा थांब्यांची नावं. चिकलठाण्यापासून वाळूजच्या गेटपर्यंत. बस जिथवर पोचली तिथवरची रेघ आणि ठिपके केशरी होत, पुढचे राखाडी राहत. पान सुरू होऊन बावीस दिवस झाले होते.

स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात वेळ होती ६:२५. शेवटचा केशरी ठिपका होता मोंढा नाक्यासमोर.

नौशीनने फोन जवळ घेतला. अक्षरं नेहमीपेक्षा खूपच मोठी दिसत होती. तिने पेनाचं टोक काचेवर टेकवत वरून ठिपके मोजले. एक, दोन, तीन. मोंढा नाका हा सहावा थांबा. त्याच्यासमोरचा केशरी ठिपका सहावा नव्हता. नववा होता.

तिने पुन्हा मोजले. नऊच.

नववा थांबा छावणी. म्हणजे बस त्या क्षणी छावणीत उभी होती. पान मात्र त्या बाईला सांगत होतं, की बस अजून मोंढा नाक्यावर आहे, अजून तीन थांबे मागे. आणि पानाच्या तळाशी नगर नाका, गोलवाडी फाटा, वाळूज गेट ही नावं नुसतीच होती. त्यांच्या डावीकडे ना रेघ, ना ठिपका. रेघ त्यांच्या आधीच संपली होती.

कोणाला वाटेल, ठिपका सरकला तर एवढं काय. नौशीनला कारण लगेच कळलं, कारण ते तिनेच केलं होतं.

पान पहिल्यांदा बनवलं तेव्हा थांब्यांची नावं इंग्रजीत होती. सगळी एकेका ओळीची. प्रत्येक नावाला सारखी उंची, म्हणून तिने ठिपके नावांपासून वेगळेच ठेवले. रेघ आणि ठिपक्यांचा एक स्वतंत्र उभा पट्टा, आणि त्याच्या शेजारी नावांचा दुसरा. सत्यमला केशरी रेघ वरून खाली हळूच घरंगळत यायला हवी होती. अख्खी रेघ एकच असली की ते सोपं जातं. दोन्ही पट्टे शेजारी उभे होते, पण एकमेकांना बांधलेले नव्हते.

मग कंत्राटदाराच्या सुपरवायझरने मराठी यादी पाठवली. सुपरवायझरचं नाव कारभारी, मूळ सोयगावकडचे. त्यांनी थांबे असे लिहिले, जसे इथे कोणीही सांगेल. 'मुकुंदवाडी' एवढंच कोण सांगतं? 'मुकुंदवाडी, रसवंतीच्या अलीकडं, पाण्याच्या टाकीसमोर.' 'सेव्हन हिल, पुलाखाली नाय, पुलाच्या पुढं औषधाच्या दुकानापाशी.' 'आकाशवाणी' मात्र नुसतं आकाशवाणी, कारण ते सगळ्यांना माहीत. त्यामुळे कुठलं नाव एका ओळीचं, कुठलं तीन ओळींचं झालं. उजवीकडचा पट्टा लांबला, डावीकडचा होता तेवढाच राहिला. ठिपके हळूहळू मागे पडू लागले. दुसरा ठिपका थोडासा, पाचवा बराच, बारावा दोन थांबे वर.

तेव्हा नौशीनने ते पाहिलं होतं. शुक्रवारची संध्याकाळ होती, सोमवारी पान चालू करायचं होतं. तिने बारा ठिपक्यांसाठी बारा आकडे हाताने लिहिले. हा वरून इतक्या अंतरावर, तो तितक्या. प्रत्येक ठिपका आपापल्या नावासमोर येईपर्यंत, स्वतःच्या फोनकडे बघून. वर एक शब्द लिहून ठेवला: 'तात्पुरतं'. सगळं बरोबर दिसलं. त्याचा फोटो सत्यमला, सत्यमकडून कंत्राटदाराला, तिकडून अंगठा. या ऑफिसात काम असंच पास होई, एका फोनवरच्या एका फोटोवर.

ते बारा आकडे तिच्या फोनचे होते. तिच्या फोनवरच्या अक्षरांच्या आकाराचे.

नौशीनने आता फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं सगळ्यात मोठी केली आणि पान उघडलं. नावं फुगली, दोन ओळींची तीन झाली, तीनच्या चार. आकडे जागचे हलले नाहीत. ठिपके वर राहिले, नावं खाली गेली. स्क्रीनशॉटमध्ये होतं ते हुबेहूब तिच्या हातात होतं.

तिच्या अब्बांचा, चांदपाशांचा, धंदा बोर्ड रंगवायचा. गुलमंडीपासून शहागंजपर्यंत निम्म्या दुकानांच्या पाट्या एकेकाळी त्यांच्या हातच्या होत्या. लहानपणी तिने त्यांना पत्र्यावर सरळ रेघेसाठी खडूची दोरी मारताना पाहिलं होतं. बोर्ड ठरलेला असे, मजकूरही ठरलेला असे, एकदा माप घेतलं की अक्षर जन्मभर तिथेच. फ्लेक्स आले आणि ते काम बसलं. नौशीनने कॉम्प्युटर शिकायचं म्हटलं तेव्हा अम्मी, जैतुनबी, म्हणाल्या होत्या, "बोर्डच है ना वो भी, काँच का." अगदी खोटं नव्हतं ते. फक्त काचेचा बोर्ड ज्याच्या त्याच्या हातात वेगळ्या मापाचा होतो, हे नौशीनला माहीत होतं आणि त्या शुक्रवारी तिने ते मनावर घेतलं नव्हतं.

ती आतल्या खोलीत गेली.

"सर, बाई खरं बोलतेय."

सत्यम चहा पीत होता. "कोणती बाई?"

"स्क्रीनशॉटवाली. ठिपका चुकीचा होता. मोठी अक्षरं लावलेल्या फोनवर तीन थांबे मागे दिसतो."

तिने फोन पुढे धरला. सत्यमने पाहिलं, मग स्वतःचा फोन उघडून पाहिला.

"माझ्याकडे बरोबर आहे."

"माझ्याकडेही होतं."

"मग एका बाईच्या फोनचा प्रॉब्लेम आहे तो. चूक नाही म्हणायची त्याला. फरक म्हण."

"सर, तिकडे पन्नाशीच्या बायका आहेत. अर्ध्या जणींनी अक्षरं मोठी केलेली असतील."

सत्यमने कप ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. लॉकडाऊनमध्ये त्याने कोणाला काढलं नव्हतं, हे नौशीन विसरली नव्हती. "ऐक. शुक्रवारी हाच कंत्राटदार शेंद्र्याच्या कारखान्याच्या बसेसचं काम देणारे. आज गुपचूप दुरुस्त कर. कोणाला काही बोलू नकोस. दुरुस्त झालं की विषयच संपला ना?"

तसं पाहिलं तर ते बरोबरच वाटत होतं. उद्या सकाळी पुन्हा बस निघणार होती, पुन्हा कोणीतरी ते पान बघणार होतं. नौशीन टेबलाशी जाऊन बसली.

दुरुस्ती अवघड नव्हती, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त त्रास झाला. तिने दोन पट्टे मोडले. प्रत्येक थांब्याची एक स्वतंत्र ओळ केली, आणि त्या ओळीच्या आतच डावीकडे अरुंद जागा. त्या जागेत त्या थांब्याचा स्वतःचा ठिपका आणि रेघेचा स्वतःचा तुकडा, ठिपक्यापासून पुढच्या ओळीतल्या ठिपक्यापर्यंत. नाव चार ओळींचं झालं तर ती जागा चार ओळींची होणार, आणि तुकडा तेवढा ताणला जाणार. ठिपका नेहमी नावाच्या पहिल्या ओळीच्या मध्यावर, अक्षराच्याच मापाने, म्हणजे अक्षर मोठं झालं तर तोही तेवढा खाली. दोन थांब्यांमधली मोकळी जागा तिने ओळींच्या बाहेर न ठेवता आत घेतली, नाहीतर रेघ मध्ये तुटली असती. शेवटच्या थांब्याला तुकडा नाही. बारा आकडे तिने खोडले. 'तात्पुरतं' हा शब्दही.

केशरी रेघ आता घरंगळणार नव्हती, थांब्याथांब्याने उडी मारणार होती. सत्यमला ते आवडणार नव्हतं. तिने चार फोनवर, प्रत्येकी तीन आकारांत पाहिलं. ठिपके हलले नाहीत. अकरा वाजून पाच मिनिटांनी नवं पान चालू झालं. या कामाला पावणेदोन तास लागले होते. त्या शुक्रवारीही एवढेच लागले असते.

मग तिने कारभारींना फोन लावला. बोलू नकोस असं सांगितलेलं असूनही.

"कारभारीकाका, नौशीन बोलतेय. बसचं पान बनवलेली."

"बोला मॅडम."

"तो सकाळी आलेला स्क्रीनशॉट. त्या बाईंचं काय झालं?"

"सारजाबाईचं? काय व्हायचंय. कामावरनं नाव कमी झालं." मागे यंत्रांचा आवाज होता, ते जोरात बोलत होते. "महिन्यात तीन वेळा गेट चुकलं की नाव कमी, नियमच हाय. काल तिसरी वेळ. वर म्हणती बस आलीच नाय. जीपीएस म्हणतंय दोन मिनिटं थांबली. आता मशिन खोटं बोलतंय व्हय?"

"जीपीएस खरं आहे. पान खोटं होतं."

तिकडे यंत्रांचा आवाज दूर गेला.

"मग बाकीच्या चाळीस जणी कशा आल्या?"

या प्रश्नाचं उत्तर नौशीनला तेव्हा माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मी येते तिकडे. दाखवते."

सव्वातीनला ती वाळूजच्या गेटवर होती. सत्यमला तिने दाताच्या डॉक्टरकडे जाते असं सांगितलं होतं. पहिली पाळी सुटायला पंधरा मिनिटं होती, गेटबाहेर बसेस एकामागे एक लागल्या होत्या. कारभारी सिक्युरिटीच्या केबिनपाशी आले. साठीला टेकलेले, खिशाला तीन पेनं, गळ्यात ओळखपत्र उलटं.

"दाखवा, काय दाखवता."

पण आधी त्यांनी स्वतःचाच फोन काढला. चष्मा कपाळावर चढवला. त्यांच्या फोनचीही अक्षरं मोठी होती. दुपारच्या पाळीची बस नगर नाक्यावर होती, आणि केशरी ठिपका बरोब्बर नगर नाक्यासमोर.

"हे तर सरळ हाय की."

"आज अकरा वाजता सरळ केलं, काका. काल नव्हतं."

"काल कसं व्हतं?"

 जुनं पान तिने इंटरनेटवर वेगळ्या पत्त्यावर ठेवलं होतं. ते स्वतःच्या फोनवर उघडून, अक्षरं मोठी करून त्यांच्या हातात दिलं. कारभारींनी बोट लावून ठिपके मोजले, तिने मोजले होते तसेच.

"नऊ," ते म्हणाले. "अन् समोर मोंढा नाका." त्यांनी चष्मा खाली घेतला. "आयला. म्हंजे ती म्हातारी खरंच बोलत व्हती."

"कंत्राटदार साहेबांना सांगता?"

ते आत गेले, तिचा फोन घेऊन. वीस मिनिटं लागली. तेवढ्यात पाळी सुटली. निळ्या ओढण्या कमरेला खोचलेल्या बायका बाहेर येऊन बसेसमध्ये चढल्या. नौशीनने छावणीच्या बसमध्ये चढणाऱ्या एकीला विचारलं, सकाळी बस कशी बघता, फोनवर का?

"फोनवर?" ती हसली. "इथं कोन बघतंय फोन? आर्धा तास आदीच जाऊन हुभं ऱ्हायचं. बस काय आपल्या बापाची हाय?"

चाळीस जणी कशा आल्या, याचं उत्तर मिळालं. त्या पानावर विसंबलेली बाई एकच होती.

कारभारी परत आले ते फोन पुढे धरूनच. "साहेब म्हणत्यात, ही तुमची कॉपी. काल हेच व्हतं कशावरून? चालू पान तर बरोबर दाखवतंय."

"स्क्रीनशॉट आहे ना."

"तो बी दाखवला. म्हणत्यात, फोटो काय कुणीबी बनवतंय आजकाल." त्यांनी आवाज उतरवला. "मॅडम, एक सांगू? आदी मला फोन करायचा व्हता. मी साहेबाला चालू पानच दाखवलं असतं. त्येंच्या डोळ्याम्होरं. तुम्ही पुरावाच पुसून टाकला बघा."

 हे तिच्या लक्षात केबिनपाशीच आलं होतं, त्यांनी आपला फोन उघडला तेव्हा.

"अजून एक वाट हाय," ते म्हणाले. "तुमच्या कंपनीचं पत्र आणा. लेटरहेडवर. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पानात चूक व्हती. साहेब म्हणत्यात, पत्र आलं तर नाव परत घालू. आज पाचपर्यंत. पाचला उद्याची यादी जाती."

चार वाजायला दहा कमी होते. नौशीनने तिथूनच सत्यमला फोन लावला. काय झालं ते सगळं सांगितलं, दाताचं खोटं होतं हेही.

सत्यम म्हणाला, "तू काय मागतेयस, कळतंय का तुला? आमचं पान चुकीचं होतं असं लिहून द्यायचं. शुक्रवारच्या आधी."

"होतंच ना चुकीचं."

"होतं. आता नाही." मग तो हळू बोलला. "नौशीन, पाच माणसांची घरं आहेत या ऑफिसवर. तुझंही. लेटरहेड मिळणार नाही. रागावलो नाहीये मी. तू ये परत."

तिने वहीचं पान फाडलं. स्वतःच्या हाताने लिहिलं: 'सदर पान मी बनवले आहे. मोठ्या अक्षरांच्या फोनवर बसचा ठिपका तीन थांबे मागे दिसत होता. चूक माझी आहे.' नाव, सही, मोबाइल नंबर. कारभारींनी ते वाचलं, घडी घातली, पुन्हा आत गेले. या वेळी पाच मिनिटांत परत आले.

"तुम्ही कोण म्हणत्यात."

"म्हणजे?"

"आमचा करार कंपनीशी, म्हणत्यात. पोरीच्या चिठ्ठीवर नाव घालायला ही काय शाळा हाय का." त्यांनी चिठ्ठी परत दिली नाही, खिशात पेनांच्या मागे ठेवली. "जाऊ द्या. तुम्ही आलात तरी. कुणी येत नाय."

सारजाबाईचा पत्ता त्यांनीच दिला. अर्थात तो पत्ता असा होता: छावणीत चिंचेच्या झाडासमोर उतरायचं, पिठाच्या गिरणीच्या पलीकडं, निळ्या दाराची खोली.

दार उघडंच होतं. आत लोखंडी पलंगावर एक माणूस उताणा पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. सारजाबाई त्याच्या पाठीखाली हात घालून पावडर लावत होत्या. बारीक चणीच्या, पांढरे केस घट्ट बांधलेले.

"कोन पायजे?"

"सारजामावशी, मी नौशीन. ते बसचं पान मी बनवलंय."

सारजाबाईंनी हात पदराला पुसले. बसायला सांगितलं नाही, जायलाही नाही. "मग?"

नौशीनने सांगितलं. ठिपका, अक्षरं, तीन थांबे. शक्य तितक्या साध्या शब्दांत. सारजाबाई ऐकत होत्या आणि मधूनच पलंगाकडे बघत होत्या.

"म्हंजे मी खोटं नव्हते बोलत."

"नव्हता."

"सून म्हणत व्हती, तुमाला वाचता येईना, तुमी कायतरी भलतंच बघता." त्यांनी फोन उशाखालून काढला. "मला वाचता येतं. सातवी झालीय माझी. नातवानं आक्शरं मोठी करून दिली, तवापास्नं सगळं वाचते मी."

"बाकीच्या बायका अर्धा तास आधी जातात. तुम्ही का नाही?"

"ह्येंला कोन बघायचं?" त्यांनी पलंगाकडे मान हलवली. "सकाळी कुशीवर करायचं, पेज घालायची, कपडा बदलायचा. आदी पावनेसहालाच निघायचे, तसंच टाकून. मग कारभाऱ्यानं सांगितलं, फोनवर बस दिसती, थांब्यावर गर्दी करू नका. म्हटलं, बरं झालं. अर्धा तास घावला. क्रांती चौकाचा ठिपका पिवळा झाला की निघायचं, आसं ठरवलं. घरापास्नं थांबा चार मिन्टं." त्यांनी पावडरचा डबा बाजूला ठेवला. "येकदा गेले तर बस न्हाई. रिक्शानं गेले, सात वाजून बारा, गेट बंद. दुसऱ्या बारीला तसंच. काल तर मी मोंढ्याचा ठिपका पिवळा व्हता तवाच निघाले. वाटंत फोटू बी काढला, म्हटलं पुरावा ऱ्हाईल. तरी न्हाई."

नौशीनने मनात हिशेब केला. त्या फोनवर सातव्या थांब्यासमोरचा, क्रांती चौकासमोरचा, ठिपका केशरी होई तेव्हा बस दहाव्या थांब्यावर, नगर नाक्यावर असे. छावणीच्या पुढे. बाई घरातून निघे तेव्हा बस गेलेली तरी असे, नाहीतर कालच्यासारखी सुटायच्या बेतात. बाई कितीही धावली असती तरी ती मिळाली नसती.

"आता दुरुस्त झालंय," ती म्हणाली. तोंडातून निघाल्यावर ते कसं वाटलं ते तिला कळलं.

सारजाबाईंनी फोन उघडला. चार चाळीस झाले होते, परतीची बस अजून वाटेवर होती. ठिपके सरळ रांगेत, प्रत्येक आपापल्या नावासमोर. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"सरळ झालं," त्या म्हणाल्या. "मग आता मला काय करायचं ह्येचं?"

सारजाबाईंनी फोन पुन्हा उशाखाली ठेवला.

"किती येळ लागला तुला?"

"पावणेदोन तास."

सारजाबाईंनी नुसती मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नवऱ्याच्या खांद्याखाली हात घातला. "धर गं जरा त्या बाजूनं. कुशीवर करायचंय." नौशीनने धरलं. माणूस हलका होता. त्याला वळवून झाल्यावर सारजाबाईंनी चहाचं विचारलं, तिने नको म्हटलं.

पाच वाजून पन्नास मिनिटांनी ती ऑफिसात परतली. सत्यमच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिने पर्स ठेवली आणि स्क्रीन चालू केली. कारभारींचा मेसेज आला होता. पानातले बदल ते असेच कळवत.

'मॅडम नमस्कार. उद्यापासून छावणी थांबा कमी करा. तिथं चढणारं आता कुणी नाय. साहेबांचा निरोप आहे. वेळा पुढच्या पाठवतो.' खाली आणखी एक ओळ: 'चिठ्ठी माझ्याजवळ आहे.'

तिला ठाऊक नव्हतं, की छावणीला चढणारी बाई आता एकटीच उरली होती. आधी दुसरी एक होती, ती दिवाळीत गावाकडे गेली ती आली नाही, असं नंतर कारभारींनी सांगितलं.

तिने यादी उघडली. जुन्या पानात हे काम किचकट झालं असतं. एक नाव काढलं की खालचे सगळे आकडे बदलावे लागले असते, विसरलं तर ठिपके चुकले असते, कोणीतरी विचारलं असतं हे काय. आता तसं काही नव्हतं. 'छावणी, चिंचेच्या झाडासमोर, पीठगिरणीच्या अलीकडं' ही ओळ तिने निवडली आणि काढली. ओळीबरोबर तिचा ठिपका गेला, तिचा रेघेचा तुकडा गेला. बाबा पेट्रोल पंपाच्या ओळीतली रेघ थेट नगर नाक्याच्या ठिपक्याला टेकली. मध्ये फट नव्हती, खूण नव्हती. अक्षरं लहान, मोठी, सगळ्यात मोठी करून तिने पाहिलं. कुठेच काही हललं नव्हतं.

सव्वासहाला कारभारींनी वेळा पाठवल्या आणि तिने त्या भरल्या. उद्या, बुधवारी, पहिल्या पाळीची बस बाबा पेट्रोल पंपावरून सहा वाजून एकवीस मिनिटांनी सुटेल आणि पुढचा थांबा नगर नाका, सहा वाजून सत्तावीस मिनिटांनी.